उत्तर आलंय, पण त्यात नवं वाक्यच नाही: रिकाम्या रिप्लायचा छडा कसा लावायचा

तुम्ही दोन-तीन नेमके प्रश्न विचारून ईमेल पाठवलेला असतो. उत्तर येतं, उघडून पाहावं तर त्यात तुमचाच जुना मजकूर, वर फक्त "अमुक तारखेला अमुक यांनी लिहिलं" अशी ओळ. पाठवणाऱ्याचं स्वतःचं एक अक्षर नाही. बहुतेक लोक इथे दोनपैकी एक करतात. एक तर लगेच "तुमची मेल रिकामी आली" असं कळवून मोकळे होतात, नाहीतर "काही हरकत दिसत नाही" असं गृहीत धरून कामाला लागतात. दोन्ही घाई आहे, आणि दुसरी जास्त महागात पडते.

अशा मेलमागे तीनच शक्यता असतात. वाक्य मेलमध्ये आहे पण तुम्हाला दिसत नाही, वाक्य लिहिलं होतं पण वाटेत गळालं, किंवा ते लिहिलंच गेलं नाही. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत, कारण पहिली शक्यता तपासायला सर्वांत सोपी आहे आणि ती खरी निघाली तर समोरच्याला त्रास देण्याची वेळच येत नाही.

आधी सगळी मेल उघडा, आणि तळापर्यंत जा

जीमेल जुना मजकूर तीन ठिपक्यांच्या बटणामागे दुमडून ठेवतो. त्या बटणावर माउस नेला की `Show trimmed content` असं दिसतं. काय जुनं आणि काय नवं हे प्रोग्राम अंदाजाने ठरवतो, आणि तो अंदाज चुकतो. पाठवणाऱ्याने जुन्या मजकुराच्या खाली किंवा मधे उत्तर लिहिलं असेल, तर त्याचं नवं वाक्यही त्या घडीत जातं. म्हणून पहिलं काम म्हणजे ठिपके दाबायचे आणि शेवटच्या ओळीपर्यंत सरकत जायचं. खाली लिहिण्याची सवय असलेले लोक अजून आहेत, विशेषतः तांत्रिक क्षेत्रात, आणि त्यांच्या दृष्टीने तीच रीत बरोबर आहे.

लांबलेल्या पत्रव्यवहारात आणखी एक अडचण येते. मेलचा मजकूर १०२ केबीच्या आसपास गेला की जीमेल ती मधेच कापतो आणि तळाशी `[Message clipped]` असं लिहून `View entire message` ही लिंक देतो. जुना मजकूर वर आणि नवं उत्तर सगळ्यात खाली असेल, तर कापला जाणारा भाग नेमका उत्तराचाच असतो. ती लिंक दाबून नव्या खिडकीत मेल पूर्ण उघडावी लागते.

तळापर्यंत जाऊनही काही दिसलं नाही तर मेलच्या आत क्लिक करून सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. डार्क मोडमध्ये लिहिलेली अक्षरं कधीकधी पांढऱ्या रंगासकट येतात आणि पांढऱ्या पानावर अदृश्य होतात. साध्या एडिटरमध्ये रंग राहत नाही, त्यामुळे ती लगेच उघडी पडतात.

जुना मजकूर खरंच जुना आहे का?

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. आपलाच मजकूर आहे म्हटल्यावर डोळे त्यावरून घसरत जातात. पण पाठवणाऱ्याने उत्तर देताना तुमच्या मजकुरातच फेरफार केले असतील, तर उत्तर तिथेच असतं.

फोनवर उत्तर देताना हे सहज होतं. माणूस तुमच्या प्रश्नाच्या ओळीवर बोट ठेवतो, कर्सर तिथे येतो आणि तो तिथेच टाइप करतो. त्याने लिहिलेलं त्या अवतरणाच्या चौकटीतच राहतं, म्हणजे डावीकडे तीच उभी रेघ, तोच करडा रंग. त्याच्या पडद्यावर त्याला आपलं उत्तर स्पष्ट दिसत असतं. काही जण लाल किंवा निळ्या रंगात लिहितात, पण मेल साध्या मजकुराच्या रूपात पोचली की रंग उडतो आणि दोघांचं लिखाण एकसारखं दिसू लागतं.

एक उदाहरण नीट पाहू. समजा, तुम्ही एका पुस्तिकेची छपाई सांभाळताय आणि संपादकांना हे दोन प्रश्न पाठवलेत:

```
१) प्रत शुक्रवारी छपाईला देऊ का?
२) यातली कोणती छायाचित्रं घ्यायची: पूल, वाचनालय, मैदान, बाग, सभागृह?
```

उत्तरात वर काहीच नाही, खाली तुमचे हेच दोन प्रश्न. तीन ठिपके दाबून पाहिले, तळापर्यंत गेलात, नवी ओळ नाही. आता तुमच्या `Sent` मधली मूळ मेल शेजारी उघडा आणि शब्दाला शब्द लावून पाहा. दोन-चार ओळी असतील तर डोळ्यांनी होतं, मात्र तेव्हा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. ओळखीचं वाक्य पुढून वाचलं की मेंदू ते आपोआप पुरं करतो, उलटं वाचताना ती सोय त्याला मिळत नाही.

मजकूर मोठा असेल तर यंत्राला कामाला लावा. वर्डमध्ये `Review` टॅबवर `Compare` आहे. मूळ मेल एका फाइलमध्ये आणि उत्तरातला मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवून दोन्ही त्यात दिल्या की बदललेले शब्द रंगवून दाखवले जातात. कमांड लाइनची सवय असेल तर मूळ मेल `sent.txt` मध्ये आणि उत्तरातला जुना मजकूर `reply.txt` मध्ये साठवा, मग हे पुरतं:

```
tr -d '\r' < sent.txt | tr -s ' ' '\n' > a.txt
tr -d '\r' < reply.txt | sed 's/^> *//' | tr -s ' ' '\n' > b.txt
diff a.txt b.txt
```

इथे प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर टाकलाय, त्याला कारण आहे. मेल प्रोग्राम लांब ओळी मधेच तोडतात, आणि अवतरणाची `>` खूण लागली की त्या आणखी वेगळ्या जागी तुटतात. ओळींची तुलना केली तर सगळंच बदललंय असं वाटतं. शब्दांची केली की फक्त खरा फरक उरतो. आपल्या उदाहरणात निकाल असा येतो:

```
3c3
< शुक्रवारी
---
> सोमवारी
13,14d12
< वाचनालय,
< मैदान,
```

तिसरा शब्द बदललाय, तेरावा आणि चौदावा गायब आहेत. म्हणजे संपादकांनी उत्तर दिलंय: प्रत सोमवारी द्या, आणि वाचनालय व मैदान वगळा. त्यांनी लिहिण्याऐवजी खोडलं. खोडण्याची खूण मात्र कुठेच उमटत नाही, म्हणून नुसत्या नजरेला मेल रिकामी वाटली.

तरीही यावरून लगेच छपाईला पाठवू नका. फोनवर बोट घसरून दोन शब्द उडणंही शक्य आहे, आणि फरक पाहून हेतू कळतोच असं नाही. वाराचा बदल अपघाताने होत नाही, "शुक्रवारी"च्या जागी "सोमवारी" कोणीतरी टाइप करावं लागतं. वगळलेल्या नावांबद्दल एवढी खात्री देता येत नाही. म्हणून एका ओळीत विचारा: "प्रत सोमवारी, आणि पूल, बाग, सभागृह ही तीन छायाचित्रं, असं मी समजतोय. बरोबर ना?" इथे समोरच्याला पुन्हा सगळं लिहावं लागत नाही, नुसतं हो म्हटलं तरी भागतं.

तुलना करताना खोटे फरकही दिसतील. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होणं, लिंकभोवती कोनी कंस येणं, तुमच्या सहीचा भाग गळणं, हे प्रोग्रामचे उद्योग असतात. त्यात पाठवणाऱ्याचा हात नसतो.

मेलचा कच्चा मजकूर पाहणं

तुलनेतही काही सापडलं नाही, तर मेल जशी पोचली तशी पाहावी लागते. जीमेलमध्ये त्या मेलच्या उजवीकडच्या तीन उभ्या ठिपक्यांमध्ये `Show original` आहे. थंडरबर्डमध्ये `Ctrl+U`. आउटलुकच्या वेब आवृत्तीत मेलच्या मेनूत `View` आणि त्यात `View message source`. संगणकावर बसवलेलं जुनं आउटलुक मूळ मेल जशीच्या तशी राखत नाही, तिथे `File` मधल्या `Properties` मध्ये फक्त शीर्षकाच्या, म्हणजे कोणी, कोणाला, कधी पाठवली अशा ओळी मिळतात. त्यामुळे ही तपासणी वेबवरूनच करा.

कच्चा मजकूर पाहून घाबरायचं कारण नाही, त्यातल्या मोजक्याच गोष्टी आपल्या कामाच्या असतात. पहिली म्हणजे `Content-Type: multipart/alternative` अशी ओळ. तिचा अर्थ, एकाच मेलचे दोन अवतार सोबत आलेत: एक साधा (`text/plain`) आणि एक सजवलेला (`text/html`). दोन्हींत तोच मजकूर असायला हवा, पण तसं करून घेणारं कोणी नसतं. एखादा प्रोग्राम साध्या भागात फक्त जुना मजकूर ठेवतो आणि नवं वाक्य एचटीएमएलमध्येच राहतं. उलटंही होतं. तुमचा वाचक-प्रोग्राम दोनपैकी एकच दाखवतो, दुसऱ्यात काय आहे ते तुम्हाला कळतच नाही. म्हणून दोन्ही भाग पाहायचे.

इंग्रजी मजकूर असेल तर तो बहुधा कच्च्या रूपातही वाचता येतो. देवनागरी मात्र बहुधा सांकेतिक रूपात येते. `Content-Transfer-Encoding: quoted-printable` असेल तर `=E0=A4=B9` अशा तुकड्यांची रांग दिसेल. `base64` असेल तर असं काही:

```
Content-Type: text/plain; charset="UTF-8"
Content-Transfer-Encoding: base64

4KS54KWLLCDgpJrgpL7gpLLgpYfgpLIu
```

ही निरर्थक दिसणारी ओळ म्हणजे "हो, चालेल." ती `base64 -d` या कमांडला दिली की वाक्य बाहेर येतं. कमांड न चालवताही एक अंदाज बांधता येतो. देवनागरी अक्षरांच्या यूटीएफ-८ मधल्या बाइट्स `E0 A4` किंवा `E0 A5` ने सुरू होतात, त्यामुळे बेस६४ मध्ये `4KS` आणि `4KW` हे तुकडे वारंवार येतात. मधे स्वल्पविराम आणि स्पेस अशी दोन्ही आली की साखळी सरकते आणि `gpL`, `gpY` असे तुकडे दिसू लागतात, वरच्या ओळीत आहेत तसे. भागाच्या अगदी सुरुवातीलाच ही खूण दिसली आणि तुम्ही स्वतः पाठवलेली मेल इंग्रजीत होती, तर वर देवनागरीत काहीतरी लिहिलेलं आहे. ती नुसती "यांनी लिहिलं"ची ओळ नाही ना, एवढं उलगडून पाहा. (तुमचीच मेल मराठीत असेल तर ही युक्ती कामाची नाही, तेव्हा उलगडूनच पाहावं लागतं.)

हे सगळं जमणार नसेल तर सोपा मार्ग आहे. `Show original` च्या पानावर `Download Original` बटण असतं. ती `.eml` फाइल उतरवा आणि दुसऱ्या मेल प्रोग्राममध्ये उघडा. एका प्रोग्रामने लपवलेलं पुष्कळदा दुसरा दाखवतो.

कच्च्या मजकुरात आणखी दोन गोष्टींवर नजर टाका. `winmail.dat` नावाची जोडफाइल असेल तर पाठवणाऱ्याचं आउटलुक रिच टेक्स्ट स्वरूपात पाठवतंय, आणि त्याने जोडलेली फाइल किंवा सजवलेला मजकूर त्या गाठोड्यात अडकलेला असू शकतो. त्याला एचटीएमएल किंवा साध्या मजकुरात पाठवायला सांगायचं. दुसरी गोष्ट, एचटीएमएल भागात `cid:` ने सुरू होणारा पत्ता दिसला तर मेलमध्ये चित्र चिकटवलेलं होतं. उत्तर स्क्रीनशॉटच्या रूपात दिलं असेल आणि चित्र वाटेत काढून टाकलं गेलं असेल किंवा तुमच्याकडे उघडलं नसेल, तर उरतो तो फक्त जुना मजकूर. वाटेतली सुरक्षा-यंत्रणा जोडफाइल काढते तेव्हा बहुधा तशी टीप मागे ठेवते, ती शोधा.

वाक्य लिहिलंच गेलं नसेल तर

इथवर काही सापडलं नाही, म्हणजे मेल खरंच रिकामी आहे. पण रिकामी मेलही काही सांगत असते, आणि ते तिच्या शीर्षकाच्या ओळींत असतं.

प्रथम `To` आणि `Cc` पाहा आणि तुमच्या मूळ मेलशी ताडून बघा. नवीन नाव वाढलंय का? कार्यालयांत ही मोठी प्रचलित पद्धत आहे: साहेब काही न लिहिता फक्त संबंधित माणसाला `Cc` मध्ये घालतात आणि पाठवून देतात. त्यांच्या लेखी उत्तर झालं, आता त्या माणसाने बघायचं. तो माणूस मात्र समजतो की आपल्याला नुसतं माहितीसाठी घेतलंय. असं दिसलं तर त्या नव्या व्यक्तीलाच थेट विचारा, हे काम तुमच्याकडे आलंय का.

मग वेळ पाहा. तुमची मेल गेल्यावर मिनिटाभरात उत्तर आलं असेल तर दोन शक्यता. एक, यंत्राने पाठवलं. शीर्षकात `Auto-Submitted: auto-replied` असेल किंवा मेलचा प्रकार `multipart/report` असेल, तर ती आपोआप गेलेली पोच आहे किंवा पोचली नसल्याची सूचना आहे, आणि सोबत तुमचाच मजकूर परत जोडलेला आहे. दोन, माणसाने लिहायला घेतलं आणि चुकून पाठवलं. `Ctrl+Enter` ने जीमेलमध्ये मेल थेट जाते, फोनवर तर पाठवायचं बटण बोटाखालीच असतं. `Undo` ची मुदतही जास्तीत जास्त ३० सेकंद. अशा वेळी माणसाला स्वतःची चूक बहुधा कळलेली असते आणि खरं उत्तर मागोमाग येतं. थोडं थांबलं तर दोन्हीकडचा एक निरोप वाचतो.

एका बाबतीत मात्र थांबून वेगळा विचार करा: नवं वाक्य नाही, पण जोडफाइल किंवा लिंक आहे. कोणाचं तरी खातं फोडून, त्यातला खरा जुना पत्रव्यवहार उचलून, त्याच्या वर घातक फाइल लावून पाठवायची ही पद्धत इमोटेटसारख्या मालवेअरने वापरली आहे. जुना मजकूर खरा असतो म्हणूनच विश्वास बसतो. पाठवणाऱ्याचं नाव पाहू नका, पूर्ण पत्ता पाहा. कच्च्या मजकुरात `Authentication-Results` या ओळीत मेल खरंच त्या पत्त्याच्या यंत्रणेतून आली का याचा निकाल असतो. तिथे `dkim=fail` किंवा `dmarc=fail` असेल तर फाइलला हात लावू नका. `pass` असलं तरी ते पुरेसं नाही, कारण खातंच फोडलेलं असेल तर सगळं `pass` येतं. अशा वेळी फोन करून विचारणं हाच खात्रीचा उपाय.

विचारायचं कसं

आता समोरच्याला लिहायची वेळ आली. "तुम्ही रिकामी मेल पाठवलीत" असं लिहिलं की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो. "माझ्याकडे मजकूर दिसत नाहीये" असं लिहिलं की तो बघायला जातो. शिवाय तेच खरं आहे, कारण तिकडे काय झालं हे तुम्हाला ठाऊक नाही.

उत्तर त्याच साखळीत द्या, पण खालचा सगळा जुना मजकूर काढून टाका. नाहीतर तुमचं वाक्यही त्याच्याकडे घडीत जाईल, आणि त्याने पुन्हा मधेच टाइप केलं तर आपण होतो तिथेच. प्रश्न नव्याने आणि एका शब्दात उत्तर देता येईल असे लिहा:

"नमस्कार, तुमचं आजचं उत्तर पोचलं, पण माझ्याकडे त्यात फक्त माझाच जुना मजकूर दिसतोय. तुम्ही काही लिहिलं असेल तर तुमच्या सेंट फोल्डरमध्ये ते दिसतंय का, एकदा बघाल का? मला दोनच गोष्टी हव्यात: प्रत शुक्रवारी की सोमवारी, आणि पाचपैकी कोणती छायाचित्रं घ्यायची."

सेंट फोल्डरचा उल्लेख मुद्दाम आहे. तिथल्या प्रतीत वाक्य असेल तर ते वाटेत किंवा तुमच्याकडे हरवलं, आणि पुढच्या वेळीही हरवेल. तेव्हा दोघांच्या मधली यंत्रणा बघणाऱ्याला ती `.eml` फाइल द्यावी लागेल. तिथेही नसेल तर ते लिहिलंच गेलं नाही, किंवा ड्राफ्टमध्ये दुसऱ्या प्रतीत पडून आहे. एवढ्या एका तपासणीने दोन शक्यता वेगळ्या होतात, आणि तुमच्या बाजूने कितीही शोधलं तरी हे कळणार नाही.

तोवर रिकाम्या उत्तराला होकार समजू नका. पैसे, मुदत किंवा कोणाची मंजुरी गुंतलेली असेल तर मुळीच नाही. मुदत जवळ आलीच असेल तर तसं मेलमध्ये स्पष्ट लिहा, की अमुक वेळेपर्यंत उत्तर आलं नाही तर काम थांबलेलं राहील. "उत्तर आलं नाही तर होकार समजेन" ही अट मी तरी घालत नाही, कारण जी यंत्रणा एक वाक्य गिळते ती नकारही गिळू शकते.

तक्रार-नोंदणीची यंत्रणा मधे असेल तर

ग्राहकांच्या मेल आपोआप तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, बदलणाऱ्या यंत्रणेत हा घोळ नित्याचा आहे. अशी यंत्रणा "यांनी लिहिलं" ही ओळ किंवा "या रेघेच्या वर लिहा" अशी सूचना शोधते आणि त्याखालचं सगळं कापते. ग्राहकाने खाली लिहिलं की तिकीट रिकामं. काही प्रोग्राम दोन हायफन आणि एक स्पेस एवढीच ओळ दिसली की त्याखालचं सगळं सही समजून टाकतात, म्हणून सहीखाली लिहिलेलं उत्तरही गळतं. मराठीत फोन वापरणाऱ्याच्या मेलमध्ये ती "यांनी लिहिलं"ची ओळ मराठीतच येते, आणि इंग्रजी ओळच ओळखणारी यंत्रणा तिथे काहीच कापत नाही. मग तिकिटात सगळं जुनं लिखाण नवं म्हणून नोंदलं जातं.

यावर एक नियम लावून घ्या: कापल्यावर शून्य अक्षरं उरली तर कापणं रद्द, मूळ मेल जशीच्या तशी दाखवा आणि तिकिटावर खूण करा. मूळ मेल साठवून ठेवणंही गरजेचं, नाहीतर नंतर शोधायला काही उरत नाही. आणि अशा तिकिटाला "आपला प्रतिसाद नोंदवला आहे" असं आपोआप उत्तर जाणं बंद करा. ग्राहकाला ते वाचून वाटतं की आपलं म्हणणं पोचलं, आणि तो पुन्हा लिहीत नाही.

तुमच्या नेहमीच्या लोकांपैकी कोणाला प्रश्नांच्या मधे उत्तरं लिहायची सवय असेल तर ती मोडायच्या फंदात पडू नका. संगणकावर बसवलेल्या जुन्या आउटलुकमध्ये `Options`, `Mail` आणि त्यात `Replies and forwards` खाली `Preface comments with` अशी सोय आहे. त्यांनी ती चालू केली की मधे लिहिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे चौकटी कंसात नाव येतं. रंग उडाला, घडी पडली, तरी ते नाव राहतं. ते आउटलुक नसेल तर प्रत्येक उत्तरापुढे हाताने नाव किंवा "उत्तर:" लिहायला सांगा.